विश्लेषण : तळमजल्याची खिडकी, दिवसा पडदा पुरतो, रात्री काय?

धाराशिव शहरात रस्त्याला लागून असलेल्या अपार्टमेंटच्या तळमजल्यावर नजर टाकली, तर एक गोष्ट हमखास दिसते. मोठी सरकती खिडकी असते, पण ती दिवसभर बंद असते. आत जाड पडदा ओढलेला आणि भरदुपारी ट्यूबलाइट लावलेली. कारण उघड आहे. खिडकीपासून पाच-सहा फुटांवरून माणसे चालतात, दुचाक्या थांबतात, समोरच्या टपरीवर गप्पा रंगतात. घरातल्या बाईला स्वतःच्याच बैठकीच्या खोलीत पदर सावरून बसावे लागते, अभ्यासाला बसलेल्या मुलीला टेबल खिडकीपासून दूर न्यावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो, तेव्हा ही बंद खिडकी घराची भट्टी करते.

यावर हल्ली दोन स्वस्त उपाय सर्रास सुचवले जातात. काचेला दुधी रंगाची फ्रॉस्टेड फिल्म आणि आतून नेटचा पातळ पडदा. दोन्ही उपाय चांगले आहेत; पण दोघांचे काम वेगळे आणि दोघांची हार होण्याची वेळही वेगळी. ती माहीत नसल्याने पैसे खर्चूनही खिडकी पुन्हा बंदच राहते.

हा प्रश्न आताच का वाढला?

मराठवाड्यातले जुने घर रस्त्याकडे पाठ करून बसलेले असे. रस्त्याच्या बाजूला जाड दगडी भिंत, त्यात दरवाजा आणि फार तर उंचावर एखादा झरोका. आत शिरले की आधी ढेळज लागे. परका माणूस तिथेच थांबे. उजेड आणि वारा मधल्या चौकातून येई, डोक्यावर माळवद असे. नजर अडवण्याचे काम घराचा आराखडाच करत होता, त्यासाठी वेगळा पडदा लागत नव्हता.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत दगड-मातीच्या भिंती आणि जड माळवदेच माणसांच्या जिवावर उठली. त्यानंतर विटा, सिमेंट आणि काँक्रीटची घरे आली, आणि ते योग्यच झाले. पण फ्लॅटमध्ये चौक नसतो. उजेड आणि वारा बाहेरच्या भिंतीतूनच घ्यावा लागतो. त्यामुळे जी बाजू पूर्वी बंद होती, तिथेच सर्वांत मोठी खिडकी आली.

त्यात रस्त्यांची भर पडते. जुना थर न खरवडता त्यावरच नवा थर टाकला, की दर वेळी रस्ता काही इंचांनी वर येतो. घराचे जोते मात्र तिथेच राहते. जोते रस्त्यापासून दोन फूट उंच असेल, तर चालणाऱ्याचे डोळे घरातल्या फरशीपासून सुमारे तीन फुटांवर येतात. खिडकीचा कट्टाही साधारण तेवढ्याच उंचीवर असल्याने आतला पलंग त्याला दिसत नाही. रस्ता फूटभर वर आला, की तीच नजर कट्ट्यावरून खाली उतरते आणि खोलीच्या मागच्या भिंतीलगतचा पलंगही तिच्या टप्प्यात येतो. रस्ता उंचावला की खिडकी ठेंगणी होते, ती अशी.

नेटचा पडदा नेमका काय करतो?

पातळ पडदा नजर अडवत नाही. तो फक्त उजेडाच्या फरकाचा फायदा घेतो. दिवसा बाहेर लख्ख ऊन आणि आत सावली असते. पांढऱ्या नेटवर पडलेला बाहेरचा उजेड परतून रस्त्यावरच्या माणसाच्या डोळ्यांत जातो आणि त्यापुढे आतून येणारा क्षीण उजेड हरवतो. त्याला फक्त पांढरा पडदा दिसतो. आतल्या माणसाला मात्र रस्ता बऱ्यापैकी स्पष्ट दिसतो.

दिवेलागणीला हे गणित उलटते. आता उजेड आत असतो आणि अंधार बाहेर. रस्त्यावरच्या माणसाला दिव्याखालची खोली नाटकाच्या मंचासारखी दिसते, आणि आतल्या माणसाला बाहेर कोण उभे आहे ते कळतही नाही. दिवसभर ज्या पडद्यावर विसंबलो, त्याने संध्याकाळी साथ सोडली, हे घरातल्यांच्या लक्षात येत नाही. कारण आतून पाहिले तर पडदा तसाच लावलेला दिसतो.

तुळजापूरच्या रस्त्याकडेच्या घरांना हे जास्त जाणवते. नवरात्रात आणि कोजागरीच्या सुमारास पायी जाणारे भाविक रात्रभर दारावरून जात असतात. त्या रात्री रहदारी दिवसासारखी असते, आणि पडदा मात्र रात्रीचा असतो.

गंमत अशी, की वीज गेली आणि रस्त्यावरचा दिवा किंवा समोरच्या दुकानाची पाटी चालू राहिली, तर हाच पडदा पुन्हा काम करू लागतो. म्हणजे प्रश्न घड्याळाचा नाही. कोणत्या बाजूला उजेड जास्त आहे, एवढाच आहे.

नेट घेताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, रंग. पांढरा किंवा फिका रंग बाहेरचा उजेड जास्त परतवतो, म्हणून तो दिवसा नजर चांगली अडवतो. गडद नेटमधून आतल्यांना बाहेरचे अधिक स्वच्छ दिसते, पण त्याची आड तुलनेने कमी असते. दुसरी, चुण्या. कापड ताणून बसवले तर ते एकपदरी राहते आणि त्याचा निम्मा उपयोग जातो. दांडीच्या लांबीच्या दुप्पट कापड असावे. खिडकी पाच फूट रुंद असेल, तर दोन्ही बाजूंना अर्धा-अर्धा फूट धरून दांडी सहा फुटांची होते. तिला बारा फूट रुंदीचे कापड लागते, म्हणजे चार फुटी तयार पडदे तीन. बहुतेक घरांत दोनच घेतले जातात आणि मग पडद्यांमधली फट सारखी ओढून बंद करावी लागते.

फ्रॉस्टेड फिल्म काय करते आणि काय नाही?

फिल्मचे काम वेगळे आहे. ती उजेड आत येऊ देते, पण सरळ रेषेत येऊ देत नाही. किरण विखुरतात, त्यामुळे पलीकडे काही आहे एवढे कळते, काय आहे ते कळत नाही. हे काम दिवसा आणि रात्री सारखेच चालते. खोलीतला उजेडही फारसा कमी होत नाही. तो पसरून आत येतो, त्यामुळे डोळ्यांवर येणारी तिरीप मोडते. दिवसा ट्यूबलाइट बंद करता येणे हा फिल्मचा खरा फायदा.

पण तिच्या तीन मर्यादा आहेत. पहिली, सावली. काचेला टेकवलेला हात बाहेरून स्पष्ट दिसतो, दोन फूट मागे नेला की धूसर होतो. म्हणून रात्री कुणी काचेजवळ उभे असेल आणि दिवा त्याच्या पाठीमागे असेल, तर शरीराची पूर्ण आकृती काचेवर उमटते. न्हाणीघरात हा धोका जास्त असतो. तिथे दिवा खिडकीच्याच भिंतीवर घ्यावा. मग उजेड माणसाच्या अंगावर खिडकीच्या बाजूने पडतो आणि काचेवर काळी आकृती उमटत नाही.

दुसरी मर्यादा, ओलावा. काही फिल्मचा दुधीपणा केवळ वरच्या खरखरीत पृष्ठभागामुळे असतो. त्यावर पाणी बसले, की खाचा भरतात आणि काच तेवढ्यापुरती पारदर्शक होते. दुकानात याची परीक्षा सोपी आहे. नमुन्याच्या तुकड्यावर ओले बोट फिरवावे किंवा सेलोटेप चिकटवावी. तेवढा भाग आरपार दिसू लागला, तर ती फिल्म न्हाणीघरासाठी घेऊ नये.

तिसरी मर्यादा सर्वांत मोठी आणि सर्वांत जास्त विसरली जाणारी. फिल्म काचेवर असते. काच सरकवली, की फिल्मही सरकते. उघड्या भागाला कसलीच आड राहत नाही.

बाजारात आरशासारखी चकाकणारी फिल्मही मिळते. तिला ‘वन-वे’ म्हणतात. आतून दिसते आणि बाहेरून दिसत नाही, असे सांगून ती विकली जाते. हे खरे आहे, पण फक्त दिवसा. तीही नेटच्या पडद्याप्रमाणे उजेडाच्या फरकावरच चालते, म्हणून रात्री उलटी होते. तळमजल्यासाठी ती फ्रॉस्टेडला पर्याय नाही.

फिल्म किती उंचीपर्यंत लावावी?

पूर्ण काच झाकली, की आकाश दिसेनासे होते आणि खोलीत दवाखान्यात बसल्यासारखे वाटते. त्याची गरजही नसते. याचा नियम सोपा आहे. रस्त्यावरच्या माणसाचे डोळे आतल्या माणसाच्या डोक्यापेक्षा खाली असतील, तर त्याची नजर वर चढत चढतच डोक्यापर्यंत पोहोचते. वाटेत ती खिडकी ओलांडते, ती डोक्याच्या उंचीच्या खालीच. म्हणून घरातल्या सर्वांत उंच माणसाच्या डोक्याएवढी फिल्म असली, की पुरे.

एक उदाहरण घेऊ. जोते रस्त्यापासून दोन फूट उंच आहे. खिडकी पाच फूट रुंद, चार फूट उंच. कट्टा फरशीपासून तीन फुटांवर आणि वरची कड सात फुटांवर. चालणाऱ्याचे डोळे रस्त्यापासून पाच फुटांवर, म्हणजे फरशीपासून तीन फुटांवर येतात. तो खिडकीपासून सहा फुटांवरून जातो. आत साडेपाच फूट उंचीचा माणूस खिडकीपासून तीन फूट मागे उभा आहे. चालणाऱ्याची नजर नऊ फुटांत अडीच फूट चढते. सहा फुटांवर, म्हणजे काचेपाशी, ती सुमारे पावणेपाच फुटांवर असते. याचा अर्थ, पावणेपाच फुटांपर्यंत फिल्म असेल तर त्याला आतल्या माणसाचे डोकेही दिसणार नाही.

हाच रस्ता एसटीचा असेल, तर खिडकीतल्या प्रवाशाचे डोळे बरेच वर असतात. ते रस्त्यापासून सात फुटांवर धरले, तर फरशीपासून पाच फूट होतात. तरीही ते साडेपाच फुटांच्या खालीच. म्हणून फिल्म फरशीपासून साडेपाच फुटांपर्यंत, म्हणजे कट्ट्यापासून अडीच फूट लावावी. वरची दीड फूट काच स्वच्छ ठेवावी. तिथून आकाश, झाडाचा शेंडा आणि भरपूर उजेड मिळतो.

हा नियम कुठे मोडतो? समोर दुमजली घर असेल तिथे. पहिल्या मजल्यावरच्या गच्चीतून नजर वरून खाली येते आणि नेमकी त्या स्वच्छ दीड फुटातून शिरते. अशा ठिकाणी वरच्या भागाची जबाबदारी नेटच्या पडद्याकडे जाते. दोन्ही उपाय एकत्र वापरायचे ते यासाठी : खालची नजर फिल्मने अडवायची, वरची पडद्याने.

खरेदीचे मापही यावरूनच निघते. दोन सरकत्या काचांची खिडकी असेल, तर प्रत्येकी साधारण अडीच फूट रुंद आणि अडीच फूट उंच असे दोन तुकडे लागतात. माप चौकटीचे नाही, दिसणाऱ्या काचेचे घ्यावे आणि कापताना चारही बाजूंनी इंचभर जास्त ठेवावे. चार फुटी रुंदीच्या रोलमधून सव्वापाच-साडेपाच फूट लांबी घेतली, तर दोन्ही तुकडे निघतात. उरलेल्या पट्टीत न्हाणीघराची छोटी खिडकी होते.

उन्हाळ्याच्या रात्री खिडकी उघडी ठेवायची तर?

धाराशिवमध्ये खरी कसोटी इथे आहे. मे महिन्यात रात्री नऊ वाजता खिडकी उघडावीच लागते आणि आत दिवा असतोच. अशा वेळी काच सरकलेली, म्हणून फिल्म निकामी. उजेड आत, म्हणून नेटही निकामी. दोन्ही उपाय एकाच वेळी हरतात. अनेक घरांत शेवटी जाड पडदा पूर्ण ओढला जातो आणि वारा थांबतो.

याचे उत्तर अर्ध्या उंचीचा सुती पडदा. खिडकीच्या चौकटीत, फिल्मच्या वरच्या कडेच्या पातळीला, म्हणजे फरशीपासून साडेपाच फुटांवर एक दांडी बसवावी. स्प्रिंगची ताणून बसणारी दांडी मिळते, तिला भिंतीत छिद्र लागत नाही. तिच्यावर साध्या, दाट विणीच्या सुती कापडाचा पडदा कट्ट्यापर्यंत सोडावा. खाली नजर अडते, वरचा दीड फूट उघडा राहतो. खोलीतली गरम हवा वरच साचत असल्याने ती याच फटीतून बाहेर पडते. खोलीच्या दुसऱ्या बाजूचे दार किंवा खिडकी उघडी असेल, तर फरक लगेच जाणवतो.

पडदा वाऱ्याने उडून ग्रीलबाहेर जात असेल, तर खालच्या शिवणीत जड साखळी किंवा पातळ सळई घालावी. किंवा खालीही एक दांडी देऊन पडदा दोन्हीकडून अडकवावा. डासांची जाळी असेल तर ती लावूनच ठेवावी. गडद जाळी दिवसा थोडी आडही देते. रात्री मात्र तिच्यावर विसंबू नये.

एक सवयही लावून घ्यावी लागते. संध्याकाळी आधी पडदा, मग दिवा. बहुतेक घरांत हा क्रम उलटा असतो आणि मधली पाच-दहा मिनिटे सगळे घर रस्त्याला दिसत असते. सगळी व्यवस्था झाली, की खात्री आतून करू नये. रात्री आत दिवा लावून घरातल्या एकाला नेहमीच्या जागी उभे करावे आणि दुसऱ्याने रस्त्याच्या दोन्ही कडांवरून पाहावे. मोबाइलचा कॅमेरा मोठा करून पाहिल्यास डोळ्याला न दिसणारी फटही सापडते.

फिल्म लावताना काय चुकते?

सर्वांत जास्त चुकते ती काचेची सफाई. नव्या फ्लॅटच्या काचेवर रंगाचे आणि सिमेंटचे बारीक ठिपके असतात. ते फडक्याने निघत नाहीत. काच ओली करून ब्लेड तिरके धरून खरवडावे लागतात. राहिलेला प्रत्येक कण फिल्मखाली फुगा होऊन दिसतो. पाणी बोअरचे जड असेल तर ते वापरू नये, कारण सुकल्यावर क्षारांचे पांढरे डाग आत अडकतात. गाळलेल्या आरओच्या पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन-चार थेंब टाकून ते स्प्रे बाटलीत भरावे.

काम सकाळी लवकर किंवा ऊन उतरल्यावर करावे आणि पंखा बंद ठेवावा. तापलेल्या काचेवर पाणी लगेच सुकते, फिल्म जागीच पकडली जाते आणि सरळ करता येत नाही. काच भरपूर ओली करावी, मागचा कागद काढून गोंदाची बाजूही ओली करावी, मग फिल्म ठेवावी. पाणी असेपर्यंत ती सरकवता येते. रबरी पट्टीने मधून कडांकडे पाणी ढकलत जावे. शेवटी कडा कापताना रबराच्या पट्टीपासून एक-दोन मिलिमीटर जागा सोडावी. फिल्म रबरावर चढली, तर तिथूनच ती उचलली जाते.

लावल्यावर दिसणारे पाण्याचे बारीक फुगे काही दिवसांत सुकून जातात. मधोमध काळा कण असलेला फुगा मात्र जात नाही. तो धुळीचा असतो. पहिले काही दिवस काच धुऊ नये. नक्षीदार, खरखरीत काचेवर फिल्म चिकटत नाही, तिथे पैसे घालवू नयेत. पश्चिमेच्या खिडकीला गडद रंगाची फिल्म टाळावी. ती उष्णता शोषते, काचेचा झाकलेला भाग उघड्या भागापेक्षा जास्त तापतो आणि काच तडकू शकते. फिकी दुधी फिल्म त्या मानाने सुरक्षित असते, पण कडक उन्हात काही वर्षांनी तीही पिवळी पडते आणि कडांनी आक्रसते.

भाड्याचे घर असेल तर बिनगोंदाची, नुसत्या स्पर्शाने काचेला धरणारी फिल्म घ्यावी. ती ओढून निघते आणि दुसऱ्या घरी नेता येते. फक्त न्हाणीघराच्या वाफेत तिची पकड सुटते. गोंदाची फिल्म काढायची असेल, तर केस वाळवायच्या ड्रायरने कडा गरम करून हळूहळू सोलावी.

काचेवर फिल्म लावायला बंदी आहे ना?

हा गैरसमज बराच पसरलेला आहे. सर्वोच्च न्यायालयाचा २०१२ चा निकाल वाहनांच्या काचांवरील फिल्मबद्दल होता. घराच्या खिडकीशी त्याचा संबंध नाही. भाडेकरूने घरमालकाला विचारावे, आणि इमारतीच्या दर्शनी भागाबद्दल सोसायटीचा काही नियम असेल तर तो पाहावा, एवढेच.

दुसऱ्या बाजूचा कायदा मात्र माहीत असावा. आपल्याला कुणी पाहत नाही अशी अपेक्षा असते अशा ठिकाणी खासगी कृती करत असलेल्या स्त्रीला पाहणे किंवा तिचे चित्रण करणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्यातही किमान एक वर्षाची कैद आहे.

मूळ प्रश्न नकाशावरचा

फिल्म, नेट आणि सुती पडदा मिळून रस्त्यावरच्या खिडकीचे दुखणे बरेचसे कमी करतात. पण तिघेही नंतरची डागडुजी आहेत. तळमजल्याची खिडकी वरच्या मजल्यांच्याच मापाने काढायची, ही सवय आराखड्यातच बदलायला हवी. तळमजल्यावर कट्टा तीनऐवजी चार फुटांवर घेतला आणि वर वेगळे उघडणारे झरोके दिले, तर काच न सरकवताही वारा खेळतो. वाड्यांनी केले ते याहून फार वेगळे नव्हते. खर्चही फार वाढत नाही, कारण भिंत बांधायचीच असते. फक्त भोक कुठे ठेवायचे, ते ठरवायचे असते.

रस्ता करणाऱ्यांचाही यात वाटा आहे. नवा थर टाकण्यापूर्वी जुना खरवडून काढला, तर पावसाचे पाणी घरात शिरत नाही, एवढे सगळ्यांना समजते. त्याने लोकांची नजरही घरात शिरत नाही, हे मात्र तळमजल्यावर राहणाऱ्यालाच कळते. नवा फ्लॅट पाहायला जाणाऱ्यांनी म्हणूनच एक फेरी दिवेलागणीनंतर मारावी, आत दिवा लावावा आणि रस्त्यावर उभे राहून खिडकीकडे पाहावे.